पुण्याची संध्याकाळ, न्यूयॉर्कची सकाळ

टपालाच्या काळात पत्र लिहिण्याची वेळ आणि ते पोहोचण्याची वेळ यांचा परस्परांशी काही संबंध नसे. मध्यरात्री लिहिलेले पत्रही घेणाऱ्याच्या हाती पोस्टमनच्या फेरीच्या वेळीच पडे, आणि ती फेरी सहसा दिवसाढवळ्या, कामाच्या दिवशीच होत असे. ई-मेल आणि कार्यालयीन चॅट यांनी हे मधले अंतर पुसून टाकले, त्यामुळे पाठवणाऱ्याने बटण दाबले तो क्षणच घेणाऱ्याच्या फोनवर घंटी वाजण्याचा क्षण ठरला. दोघे एकाच शहरात असतील तर याने फारसे बिघडत नाही. परंतु पुण्यातील कंपनी आणि न्यूयॉर्कमधील ग्राहक यांच्यासारख्या जोडीत, जिथे एकाचा कामाचा दिवस संपल्यावर दुसऱ्याचा सुरू होतो, तिथे संदेश कधी निघावा हे मुद्दाम ठरवावे लागते. हे ठरवणे वरवर साध्या बेरीज-वजाबाकीचे दिसते, पण त्यातली एक संख्या वर्षातून दोनदा बदलते आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

जगातील सर्व घड्याळे ज्या एका सामाईक मापाशी जुळवली जातात त्याला यूटीसी, म्हणजे समन्वित जागतिक वेळ, असे म्हणतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असून ती यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते, वर्षभर आणि देशभर. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात यूटीसीच्या पाच तास मागे असते आणि उन्हाळी वेळ लागू असताना चार तास मागे. उन्हाळी वेळ म्हणजे संध्याकाळी अधिक उजेड मिळावा यासाठी वर्षाचा काही काळ घड्याळ कायद्याने एक तास पुढे ढकलण्याची पद्धत होय. यामुळे पुणे आणि न्यूयॉर्क यांतील अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, तर उन्हाळी वेळेत साडेनऊ तास भरते. भारतीय मनाला या दोन संख्यांचे ओझे वाटते, कारण घड्याळ फिरवण्याची सवय येथे उरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे केली गेली होती, आणि मुंबईत तर प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती. पण आज कामावर असलेल्या पिढीने यातले काहीच पाहिलेले नाही.

या अंतराचा पहिला परिणाम असा की दोन्हीकडचे नेहमीचे कार्यालयीन तास एकमेकांवर येतच नाहीत. पुण्यातील कार्यालय सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा चालते असे धरले, तर न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळी वेळेत साडेसहा वाजलेले असतात. दुसरा परिणाम वारांचा आहे आणि तो अधिक वेळा विसरला जातो. सोमवारी सकाळी दहा वाजता पुण्याहून निघालेला मेल न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रविवारी रात्री साडेअकराला पडतो, म्हणजे आठवड्याची सुरुवात उत्साहाने करणारा पुणेकर समोरच्याच्या सुट्टीची अखेरची रात्र मोडतो. उलट शुक्रवारी संध्याकाळी आवराआवर करताना ‘आता काय, तिकडेही आठवडा संपला असेल’ असे समजून जो मेल सोमवारवर टाकला जातो, त्याच्यासाठी न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचा अख्खा दिवस शिल्लक असतो. वार आधी मोजावा आणि तास नंतर, हा क्रम पाळला तर यातल्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

कामाच्या वेळेत पोहोचणे एवढेच मात्र पुरेसे नाही, कारण कामाच्या दिवसातली कोणती घटिका निवडायची हे संदेशाच्या हेतूवर ठरते. ज्या मेलला उत्तराची अपेक्षा नाही, जसे की साप्ताहिक अहवाल, तो घेणाऱ्याच्या सकाळी पोहोचला की दिवसाच्या आखणीत त्याला जागा मिळते. ज्या मेलमध्ये प्रश्न आहे, त्याच्यासाठी उत्तर आल्यावर पाठवणारा जागेवर असेल का, हेही पाहावे लागते. समजा, हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला पोहोचलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे दहाला मिळाले, तर पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. कुणी थोडा वेळ थांबले असेल तर त्याच रात्री पुढचा खुलासा करता येतो. तोच प्रश्न न्यूयॉर्कच्या दुपारी चारला पोहोचला तर पुण्यात पहाटेचे अडीच वाजलेले असतात, उत्तर पुणेकराला सकाळी दिसते, त्यावरचा प्रतिप्रश्न न्यूयॉर्कच्या पुढच्या सकाळीच वाचला जातो आणि एका साध्या शंकेला पूर्ण दिवस लागतो. दोन देशांत विभागलेल्या कामात वेळ खाणारी गोष्ट काम नसून बहुधा ही एका दिवसाची फेरी असते, आणि संदेशाची वेळ नीट निवडल्याने ती निम्म्यावर येऊ शकते. याच कारणाने प्रश्नाच्या मेलमध्ये अपेक्षित उत्तराची मुदत लिहिताना ‘उद्या सकाळपर्यंत’ असे मोघम न लिहिता ‘मंगळवार, न्यूयॉर्कच्या दुपारी बारापर्यंत’ असे वार आणि गाव सांगून लिहावे, कारण ‘उद्या’ हा शब्द दोन्हीकडे एकाच दिवसाला लागू होईल याची खात्री नसते.

मेल लिहून ठेवायचा आणि तो ठरलेल्या क्षणी आपोआप जावा, ही सोय आता बहुतेक साधनांत असते. जीमेलमध्ये ती एप्रिल २०१९ मध्ये आली. पाठवण्याच्या बटणाशेजारच्या छोट्या बाणावर टिचकी मारल्यास `Schedule send` असा पर्याय दिसतो आणि तिथे तारीख व वेळ भरता येते. इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. भरलेली वेळ ही भरणाऱ्याच्या कालपट्ट्यातली मानली जाते, घेणाऱ्याच्या नव्हे. कालपट्टा म्हणजे ज्या प्रदेशात घड्याळाचे नियम एकच असतात तो प्रदेश. पुण्यात बसून ‘९:००’ असे भरले तर मेल पुण्याच्या नऊला निघतो, आणि न्यूयॉर्कचे नऊ हवे असतील तर रूपांतर माणसालाच करावे लागते. मेल वेळापत्रकात टाकल्यानंतर पाठवणारा स्वतः दुसऱ्या देशात गेला तरी मेल मूळ कालपट्ट्यातल्या वेळेनुसारच निघतो, हे मात्र सोयीचेच आहे.

आउटलुकच्या जुन्या, संगणकावर बसवलेल्या आवृत्तीत हीच सोय `Delay Delivery` या नावाने आहे आणि तिच्यात वेगळा खड्डा आहे. कंपनीचे खाते मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर असेल तर आउटलुक बंद केले तरी चालते, पण खाते साध्या आयमॅप किंवा पॉप पद्धतीचे असेल तर मेल संगणकावरच थांबून राहतो आणि ठरलेल्या वेळी आउटलुक चालू असावे लागते. लॅपटॉप मिटून घरी गेलेल्या माणसाचा मेल दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडल्यावर, म्हणजे नेमका न्यूयॉर्कच्या मध्यरात्री, निघतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: ज्याचे उत्तर यायला हवे होते ते येत नाही आणि मेल अजून आउटबॉक्समध्येच दिसतो.

वेळापत्रकात टाकलेल्या मेलची दुसरी अडचण शिळेपणाची असते. शुक्रवारी दुपारी लिहिलेला आणि सोमवारी संध्याकाळी निघणारा मेल मधल्या तीन दिवसांत काय घडले हे जाणत नाही, तर घेणाऱ्याला मात्र तो सोमवारीच लिहिल्यासारखा दिसतो, कारण त्यावर निघाल्याची वेळ उमटलेली असते. शनिवारी दुरुस्त झालेल्या बिघाडाची माफी सोमवारी पोहोचली तर पाठवणाऱ्याला आपल्याच कामाची खबर नाही असे वाटते. म्हणून अशा मेलमध्ये ‘शुक्रवार अखेरची स्थिती’ असे स्पष्ट लिहावे, आणि निघण्यापूर्वी त्यावर एकदा नजर टाकावी; जीमेलमध्ये रांगेतला मेल रद्द केल्यास तो मसुद्यांत परत येतो आणि दुरुस्त करून पुन्हा रांगेत टाकता येतो.

आता एक उदाहरण तारखांसह तपासून पाहता येईल. पुण्यातील एका अभियांत्रिकी कंपनीचा अहवाल दर सोमवारी न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला ग्राहकाकडे पोहोचायचा आहे आणि त्याची प्रत लंडनच्या कार्यालयाला जायची आहे. जानेवारी २०२६ मध्ये हे काम कुणीतरी संध्याकाळी साडेसातवर लावून ठेवले. लंडन हिवाळ्यात यूटीसीवरच असते, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे, त्यामुळे तिथे प्रत दुपारी दोनला मिळते आणि सगळे सुरळीत चालते. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, जो २०२६ मध्ये ८ मार्च आहे. सोमवारी ९ मार्चला पुण्यातील साडेसात वाजता निघालेला अहवाल न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाला पोहोचतो, आणि ग्राहकाची नऊची बैठक अहवालाविनाच होते. चूक लक्षात आल्यावर वेळ साडेसहावर आणली जाते. न्यूयॉर्कचे नऊ पुन्हा साधतात, परंतु लंडनमध्ये प्रत आता दुपारी एकला, ऐन जेवणाच्या वेळी, मिळू लागते. याचे कारण ब्रिटन आणि युरोपीय संघ आपली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे २९ मार्चला, पुढे करतात. मधले तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडन यांतील नेहमीचे पाच तासांचे अंतर चार तासांवर येते, आणि २९ मार्चनंतर सगळे पुन्हा जागेवर बसते.

शरद ऋतूत हाच खेळ उलटा आणि थोडक्यात होतो. युरोपची घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, २५ ऑक्टोबरला, मागे येतात आणि अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, १ नोव्हेंबरला. म्हणजे विस्कळीत काळ एका आठवड्याचाच असतो. २ नोव्हेंबरच्या सोमवारी वेळ पुन्हा साडेसातवर नेली नाही, तर अहवाल न्यूयॉर्कमध्ये आठलाच पोहोचतो. एक तास लवकर पोहोचणे हे उशिरा पोहोचण्याइतके महाग पडत नाही, आणि बहुधा म्हणूनच नोव्हेंबरची चूक कित्येक कार्यालयांत कुणाच्या लक्षातही येत नाही.

अशा चुकांचे मूळ एकच असते: वेळ ठरवताना ‘साडेदहा तास’ ही संख्या लक्षात ठेवली जाते, तर लक्षात ठेवायला हवे ते ‘न्यूयॉर्क’ हे नाव. संख्या एका ऋतूपुरती खरी असते, आणि नावामागे मात्र तिथले सगळे नियम उभे असतात. संगणकांच्या दुनियेत ही नावे आणि त्यांचे नियम कालपट्ट्यांच्या एका सार्वजनिक माहितीसाठ्यात नोंदवलेले असतात, ज्याची सुरुवात १९८० च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी केली, ज्याचे संपादन पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळले, आणि जो २०११ पासून इंटरनेटवरील नावे-क्रमांकांची नोंद ठेवणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. त्यात भारताचे नाव `Asia/Kolkata` आणि न्यूयॉर्कचे `America/New_York` असे लिहिले जाते. लिनक्स असलेल्या संगणकावर एखादी भारतीय वेळ न्यूयॉर्कमध्ये कोणती असेल हे एका ओळीत तपासता येते:

```
TZ=America/New_York date -d '2026-03-09 19:30 +0530'
```

उत्तरात सकाळचे दहा दिसतात, आणि तारीख बदलून `2026-03-02` केली तर नऊ. अहवाल एखाद्या सर्व्हरवरून आपोआप जात असेल तर वेळापत्रकातच घेणाऱ्याच्या गावाचे नाव लिहिणे सर्वात चांगले, म्हणजे मार्च-नोव्हेंबरची आठवण माणसाला ठेवावी लागत नाही. लिनक्समधील सिस्टमडी या यंत्रणेत ती ओळ अशी असते:

```
OnCalendar=Mon *-*-* 09:00:00 America/New_York
```

ही पद्धतही माहितीसाठा ताजा असेल तोवरच खरी ठरते, कारण सरकारे नियम बदलतात आणि कधीकधी फार उशिरा सांगतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात उन्हाळी वेळ बंद केली. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये सरकारने उन्हाळी वेळ पुढे ढकलण्याचा निर्णय अगदी दोन-तीन दिवस आधी जाहीर केला, अनेक संस्थांनी तो मानला नाही, आणि सरकारने निर्णय फिरवेपर्यंत काही दिवस एकाच देशात दोन वेळा चालल्या. अशा प्रसंगी कोणत्याही यंत्राचे उत्तर विश्वासार्ह नसते. समोरच्या माणसालाच विचारावे लागते.

घेणारा नेमका कोणत्या गावी आहे हे ठाऊक नसेल तर त्याच्या आधीच्या मेलवरून अंदाज बांधता येतो. प्रत्येक मेलच्या शीर्षनोंदीत, म्हणजे मजकुराच्या आधी येणाऱ्या तांत्रिक ओळींत, `Date:` अशी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी यूटीसीपासूनचे अंतर `-0500` अशा रूपात लिहिलेले असते. जीमेलमध्ये `Show original` निवडल्यास ती दिसते. हा पुरावा उपयोगी असला तरी अपुरा असतो. जुलैमधल्या मेलवर `-0700` दिसले तर लिहिणारा लॉस एंजेलिसमध्येही असू शकतो आणि फिनिक्समध्येही, कारण ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग उन्हाळी वेळ पाळतच नाही. तोच आकडा जानेवारीत दिसला तर गाव डेन्व्हर असेल किंवा फिनिक्स. म्हणून एका उन्हाळ्यातला आणि एका हिवाळ्यातला असे दोन मेल पाहावेत. `+0000` दिसले तर त्याचा अर्थ लंडन असाच होत नाही, कारण काही सर्व्हर सर्व मेलवर यूटीसीच लिहितात. फोन क्रमांकावरून गाव ओळखणे तर आता जवळजवळ निरुपयोगी झाले आहे. अमेरिकेत माणूस राज्य बदलतो आणि जुना क्रमांक बरोबर नेतो, त्यामुळे न्यूयॉर्कचा क्रमांक असलेली व्यक्ती कॅलिफोर्नियात झोपलेली असू शकते.

तास आणि कालपट्टा जुळल्यावरही साप्ताहिक सुट्टी उरतेच, आणि आखातात काम करणाऱ्या मराठी माणसांशी व्यवहार असणाऱ्यांना हे चांगलेच माहीत असते. सौदी अरेबियात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी कामाचा आठवडा सुरू होतो. रियाध भारताच्या अडीच तास मागे आहे, म्हणून अंतर फार नाही, तरी गुरुवारी संध्याकाळनंतर पुण्याहून गेलेला मेल रविवारपर्यंत पडून राहतो, आणि रविवारी तिकडून आलेले उत्तर पुण्यात सोमवारी वाचले जाते. संयुक्त अरब अमिरातीने मात्र १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी स्वीकारली असून सरकारी कार्यालयांत शुक्रवार अर्धा दिवस असतो. त्यातही शारजाने शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी ठेवली आहे. ‘आखात’ असा एकच गट करून मेलची वेळ लावणारा म्हणूनच हमखास चुकतो. अमेरिकेतल्या सुट्ट्या सोमवारी येण्याकडे झुकलेल्या असतात, जसा सप्टेंबरचा पहिला सोमवार किंवा मेचा शेवटचा. वर उल्लेखिलेला सोमवारचा अहवाल त्या आठवड्यांत मंगळवारी गेलेला बरा.

अवेळी संपर्क हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळेत संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात, पोर्तुगालने २०२१ मध्ये विश्रांतीच्या काळात कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याचे बंधन मालकावर घातले, आणि ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्याला कामाबाहेरच्या वेळेत आलेल्या संपर्काला, नकार अवाजवी नसेल तर, उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. भारतात कर्जवसुलीसाठी सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. अमेरिकेतील विक्रीच्या फोनसाठी सकाळी आठ ते रात्री नऊ ही मर्यादा आहे, आणि तो नियम लिहिताना ती वेळ फोन घेणाऱ्याच्या ठिकाणची धरावी असे स्पष्ट म्हटले आहे. भारतातील कॉल सेंटरमधून अमेरिकेत फोन लावणाऱ्यांना म्हणूनच क्रमांकावरून गाव ठरवणे धोक्याचे ठरते.

या सगळ्या हिशेबाला एक अपवाद आहे. सर्व्हर बंद पडला, माल बंदरात अडकला, किंवा सही आजच हवी आहे, अशा वेळी संदेश वेळापत्रकात टाकणे ही सभ्यता नसून दिरंगाई ठरते, आणि मेल तत्काळ पाठवला तरी झोपलेला माणूस तो वाचणार नाही. अशा प्रसंगांसाठी प्रकल्पाच्या सुरुवातीलाच दोन्ही बाजूंनी बसून कोणत्या कारणासाठी, कुणाला, कोणत्या क्रमांकावर, कितीही वाजता फोन करायचा हे लिहून ठेवावे. तो कागद तयार असेल तर उरलेला प्रत्येक मेल समोरच्याच्या सकाळपर्यंत थांबवायला पाठवणाऱ्याने कचरू नये.